‘मेहनती’ म्हणजे नेमकं काय केलं?

हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर, प्रेशरखाली काम करण्याची क्षमता. नोकरीच्या अर्जांचा कोणताही गठ्ठा उचला, यातले निदान दोन शब्द प्रत्येक पानावर सापडतील. लिहिणारा खोटं बोलत असतो असं नाही. बहुतेकांनी खरोखरच मान मोडून काम केलेलं असतं. अडचण एवढीच, की हे शब्द वाचून समोरच्याला त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. ‘मी आळशी आहे आणि माझं कोणाशी पटत नाही’ असं अर्जात कोणी लिहीत नाही. ज्याच्या उलटं कोणी लिहिणारच नाही, अशा वाक्यावरून दहा उमेदवारांतून एक निवडता येत नाही.

विशेषणांनी माणूस कळत नाही, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाला फार ठळकपणे दिसलं. जॉन फ्लॅनगन हे मानसशास्त्रज्ञ तिथे वैमानिकांच्या निवडीचं काम पाहत होते. प्रशिक्षणातून काढून टाकलेल्या १,००० उमेदवारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रशिक्षकांनी दिलेली कारणं कशी होती? ‘उपजत कौशल्य नाही’, ‘स्वभाव योग्य नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’, ‘पुरेशी प्रगती नाही’. विमान उतरवताना त्या मुलाने नेमकं काय चुकवलं, हे अशा नोंदींवरून समजेना. मग पुढची निवड कशाच्या आधारावर करायची? फ्लॅनगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. माणूस कसा आहे हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारायला सुरुवात केली, की प्रसंग काय होता, त्याने काय केलं आणि त्यातून काय झालं. १९५४ साली त्यांनी ही पद्धत सविस्तर लेखात मांडली. आज मुलाखतीत ‘एखादा प्रसंग सांगा’ असं विचारतात, त्या प्रश्नाच्या मागे हा विचार आहे. गूगलमध्ये अनेक वर्षं मनुष्यबळ विभाग सांभाळलेल्या लास्लो बॉक यांनी २०१४ मध्ये बायोडेटासाठी जे सूत्र सुचवलं, तेही याच घराण्यातलं: काय साधलं, ते कशाने मोजलं आणि त्यासाठी काय केलं.

सूत्र ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्ष लिहायला बसलं की पहिलाच अडसर येतो, तो म्हणजे ‘माझ्या कामात आकडे कुठून आणू?’ विक्री करणाऱ्याला टार्गेट असतं. पण ज्याचं काम रोज तेच असतं, त्याचं काय? म्हणून उदाहरण मुद्दाम तसलंच घेतो.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रेस-पार्ट कारखान्यात स्टोअर असिस्टंट आहे. बी.कॉम. झालेला, तीन वर्षं तिथेच. मोठ्या कंपनीत स्टोअरचीच जागा निघाली म्हणून बायोडेटा दाखवायला आला. पानावर वर सांगितलेले शब्द होतेच, आणि त्याखाली कामाची यादी होती: माल उतरवून घेणे, जीआरएन करणे, माल इश्यू करणे, स्टॉक मोजणे. ही यादी म्हणजे त्या खुर्चीचं वर्णन. त्या खुर्चीत उद्या दुसरं कोणी बसलं तरी यादी हीच राहील.

मी त्याला विचारलं, “तू लागलास तेव्हा स्टोअरमध्ये जे चालायचं आणि आज जे चालतं, त्यात फरक काय?”

“फरक काही नाही काका, रोजचंच काम.”

“मॅनेजर कशावरून ओरडायचे?”

यावर तो लगेच बोलायला लागला. महिन्याच्या शेवटी अकाउंट्सवाले साठ वस्तूंची यादी काढायचे आणि त्या रॅकवर जाऊन मोजायचे. कॉम्प्युटरमध्ये दोनशे बेअरिंग आणि रॅकवर एकशे ऐंशी, असं सारखं निघायचं. त्यावरून बोलणी बसायची. “पण हल्ली नाही ओरडत.”

आकडा शोधायला सुरुवात करायची ती इथून. आपण काय चांगलं केलं हे विचारलं की माणूस गप्प होतो, पण कशाची कटकट होती आणि ती कधी थांबली, हे त्याला नीट आठवतं. कटकट थांबली असेल तर मधे काहीतरी बदललेलं असतं, आणि ज्या गोष्टीवरून ओरडा होतो ती बहुधा कोणी ना कोणी कुठेतरी लिहून ठेवलेली असते.

काय बदललं, ते हळूहळू निघालं. दिवसपाळीत स्टोअरच्या खिडकीतून चिठ्ठी घेऊन माल दिला जायचा, पण चिठ्ठ्यांची नोंद संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी व्हायची. रात्रपाळीला स्टोअरमध्ये कोणीच नसायचं. मशीन थांबू नये म्हणून सुपरवायझर स्वतःच रॅकवरून वस्तू घ्यायचे आणि सकाळी तोंडी सांगायचे. राहिलं सांगायचं तर राहिलं. या मुलाने रात्रपाळीसाठी चिठ्ठीपुस्तक सुरू केलं आणि दिवसाची नोंद त्याच पाळीत करायची सवय लावली. नवं सॉफ्टवेअर नाही, खर्च नाही. त्याच्या मते ‘यात काय लिहायचं’ असं ते काम होतं. मला तर त्याच्या अख्ख्या बायोडेटात लिहिण्यासारखं हेच वाटलं.

आता आकडे. त्याने पहिल्या दमात सांगितलं, “आधी सतरा-अठरा आयटम चुकायचे, आता पाच.” असं आठवणीतून सांगितलेलं तसंच लिहू नये. आठवणीत सर्वांत वाईट महिना आणि सर्वांत चांगला महिना राहतो, मधले विसरतात. मी त्याला मोजणीच्या नोंदी पाहून यायला सांगितलं. तो आठवड्याने कागद घेऊन आला. कागदाची छायाप्रत नव्हती, फक्त हाताने उतरवलेले आकडे होते. ते मी मुद्दाम बजावलं होतं. कंपनीचं रजिस्टर, ग्राहकांची नावं, मालाचे दर हे बाहेर नेण्याची गरज नसते आणि हक्कही नसतो. किती वस्तू मोजल्या आणि किती जुळल्या नाहीत, एवढ्याने कोणाचं गुपित फुटत नाही.

गेल्या वर्षी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चमध्ये न जुळलेल्या वस्तू होत्या १७, १४ आणि १७. म्हणजे तीन महिन्यांत मोजलेल्या १८० पैकी ४८. ऑगस्ट, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये त्या होत्या ६, ५ आणि ७, म्हणजे १८० पैकी १८. आधी जवळजवळ चारांत एक वस्तू चुकत होती, नंतर दहांत एक.

हे पाहून तो खूश झाला आणि म्हणाला, “म्हणजे ‘स्टॉकमधली तफावत साडेबासष्ट टक्क्यांनी कमी केली’ असं लिहू?” गणित बरोबर आहे. तरी मी नको म्हटलं. नुसती टक्केवारी वाचून अनुभवी माणूस पहिली शंका घेतो ती मूळ संख्येची. आठ चुका तीनवर आल्या तरीही साडेबासष्ट टक्के घटच होते. ‘१८० पैकी ४८ वरून १८० पैकी १८’ असं लिहिलं की पाया दिसतो आणि टक्केवारी ज्याला हवी तो काढून घेतो. शिवाय ‘६० टक्के सुधारणा’, ‘५० टक्के वाढ’ असे गोल आणि पाया नसलेले आकडे हल्ली इतके झाले आहेत, की त्यांच्याकडे वाचणारा ‘मेहनती’ या शब्दाइतकंच लक्ष देतो. आकडा घातला की वाक्य आपोआप पुराव्याचं होतं, हा समज चुकीचा आहे.

मग मी त्याला विचारलं, की याच काळात कंपनीत आणखी काय बदललं? हा प्रश्न बहुतेक मार्गदर्शक विचारत नाहीत. मुलाखत घेणारा जाणकार असला तर हमखास विचारतो. मुलगा जरा थांबला. एप्रिलच्या शेवटी कंपनीने स्टोअरला जाळीचं दार बसवलं होतं. त्याआधी कोणीही आत शिरायचं. म्हणजे चुका कमी झाल्या त्या चिठ्ठीमुळे, की दारामुळे?

नोंदींतून थोडं उत्तर मिळालं. एप्रिलला १५ वस्तू जुळल्या नव्हत्या. मे महिन्यात दार होतं आणि चिठ्ठीपुस्तक अजून नव्हतं, तेव्हा १३. चिठ्ठीपुस्तक जूनमध्ये सुरू झालं, त्या महिन्यात ९ आणि जुलैत ८. एकट्या मेच्या आकड्यावर फार भार टाकता येणार नाही, एखादा महिना योगायोगानेही चांगला-वाईट जातो. पण मोठी घसरण चिठ्ठीनंतरची आहे, हे तो दाखवू शकतो. दाराचा उल्लेख गाळला असता तर वाक्य जास्त झगझगीत दिसलं असतं आणि मुलाखतीत पहिल्या उलटप्रश्नाला कोसळलं असतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूची निघाली. साठ वस्तू कोणत्या मोजायच्या हे तो ठरवत नव्हता, अकाउंट्स विभाग ठरवायचा. आपणच निवडलेल्या वस्तू आपणच मोजल्या असत्या, तर त्या आकड्याला वजन आलं नसतं. म्हणून ‘अकाउंट्सने निवडलेल्या’ हे शब्द वाक्यात ठेवले.

एवढं झाल्यावर वाक्य असं उतरलं:

“सुमारे ८५० वस्तूंच्या स्टोअरमध्ये रात्रपाळीसाठी चिठ्ठीपुस्तक सुरू केलं आणि इश्यूची नोंद त्याच पाळीत करण्याची पद्धत बसवली. दरमहा अकाउंट्सने निवडलेल्या ६० वस्तूंच्या मोजणीत न जुळणाऱ्या वस्तू तीन महिन्यांत ४८ होत्या, त्या नंतरच्या तीन महिन्यांत १८ झाल्या. (याच काळात स्टोअरला जाळीचं दारही बसलं.)”

अर्ज तो इंग्रजीतूनच करणार होता, आणि तसा केलाही. पण आधी असं घरच्या भाषेत सांगून पाहिल्याने फायदा होतो. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणारी आयती वाक्यं तोंडात येत नाहीत, आणि काय केलं ते सांगावंच लागतं.

आता ‘टीम प्लेअर’. त्याने ते शब्द खोडायला नको म्हटलं, कारण त्याचं खरंच सगळ्यांशी जमतं. मी म्हटलं, शब्द खोडू, प्रसंग ठेवू. सगळं सुरळीत असताना मिळून काम करणं कोणालाही जमतं. कोणाचा विरोध होता आणि तो कसा मिटला, यातून माणूस टीममध्ये कसा वागतो ते दिसतं. आणि विरोध झालाच होता. रात्रपाळीचे दोन्ही सुपरवायझर म्हणाले होते, “मशीन बंद पडलंय आणि आम्ही चिठ्ठ्या लिहीत बसू?” त्यांचंही चूक नव्हतं. याने त्यांच्याबरोबर बसून रात्री सगळ्यात जास्त लागणाऱ्या वीस वस्तू काढल्या आणि त्या चिठ्ठीवर आधीच छापून घेतल्या. फक्त नग लिहायचे आणि सही करायची. त्यानंतर दोघांनी पुस्तक भरायला सुरुवात केली.

यातून दुसरं वाक्य झालं: “चिठ्ठी लिहिण्यात वेळ जातो या रात्रपाळीच्या दोन सुपरवायझरांच्या हरकतीनंतर त्यांच्यासोबत नमुना बदलला, सर्वाधिक लागणाऱ्या २० वस्तू चिठ्ठीवर छापून घेतल्या.” किती वेळ वाचला हे लिहावं असं त्याला वाटत होतं. पण तो वेळ कोणीच मोजलेला नव्हता, म्हणून लिहिला नाही. जे मोजलेलं नाही तिथे कृती लिहून थांबावं. वाक्यात आकडा नसला तरी ते पोकळ होत नाही.

राहिला ‘मेहनती’. त्याचं म्हणणं, तो रोज दोन तास जास्त थांबतो. हे मी बायोडेटात येऊ दिलं नाही. जास्त तास बसणं हा खर्च झाला. त्यातून काय निघालं ते वाचणाऱ्याला हवं असतं, आणि रोज दोन तास जास्त लागतात म्हणजे काम आवरत नाही, असाही अर्थ कोणी काढू शकतो. मेहनतीचा पुरावा नेहमीपेक्षा जास्त भार पडला त्या काळात शोधावा. तसा काळ होता. त्याचा सहकारी आजारपणामुळे सहा आठवडे रजेवर होता आणि माल उतरवून घेणं व इश्यू करणं ही दोन्ही कामं याच्या एकट्यावर आली होती.

“तेव्हा सगळे जीआरएन त्याच दिवशी केले, एक राहिला नाही,” तो म्हणाला. जीआरएन म्हणजे आलेला माल तपासून, मोजून स्वीकारल्याची नोंद. ती झाल्याशिवाय माल कागदावर कंपनीचा होत नाही आणि पुरवठादाराचं बिल पुढे सरकत नाही. गाडी कधी आली ते गेटवरच्या रजिस्टरात असतं, जीआरएनची तारीख कॉम्प्युटरमध्ये. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की झालं. ठेवल्यावर ४१८ नोंदींपैकी ४०५ त्याच दिवशीच्या निघाल्या आणि १३ दुसऱ्या दिवशीच्या. त्याचा चेहरा पडला. मला मात्र हा आकडा ‘सगळे’ यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला. ‘४१८ पैकी ४०५’ वाचणाऱ्याला कळतं, की याने खरोखर मोजून पाहिलं आहे.

सगळ्याच कामांत इतक्या सरळ नोंदी मिळत नाहीत, आणि काही कामांत तयार मिळणारा आकडा फसवा असतो. शिक्षकांचं घ्या. ‘शंभर टक्के निकाल’ हे वाक्य शिक्षकांच्या अर्जांत फार असतं. पण निकाल वर्गात कोणती मुलं आली यावरही ठरतो, आणि तो एकट्या शिक्षकाचा नसतो. सहावीच्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या बाईंकडे याहून चांगला आकडा असू शकतो. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून मुलांचं वाचन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी तपासलं जातं. तशीच तपासणी जूनमध्ये आणि पुन्हा फेब्रुवारीत वर्गात केली, तर किती मुलं शब्दांवर अडलेली होती आणि त्यांतली किती गोष्ट वाचू लागली हे सांगता येतं. सुरुवात कुठून झाली ते त्यात असतं, आणि शिक्षकाचं काम त्या अंतरातच आहे. अर्थात जूनमध्ये तपासलंच नसेल, तर फेब्रुवारीत ते मागे जाऊन मोजता येत नाही. म्हणून नोकरी बदलायचा विचार मनात यायच्या कितीतरी आधी, कामाला लागल्याच्या पहिल्या महिन्यातच, आपल्या टेबलावरच्या दोन-तीन गोष्टी आज कशा आहेत ते लिहून ठेवावं. बहुतेकांचा आकडा हुकतो तो इथेच. काम झालेलं असतं, पण ‘आधी’ची नोंद नसते.

परत त्या मुलाकडे येतो. तीन वाक्यं झाली, वरचे चार शब्द गेले. ‘आव्हानात्मक वातावरणात माझी क्षमता सिद्ध करण्याचं उद्दिष्ट’ हा परिच्छेदही गेला. उरलेल्या कामाच्या यादीतल्या अकरा ओळींच्या चार झाल्या. जीआरएन करतो, इश्यू करतो हे ती तीन वाक्यं वाचून समजतंच, ते पुन्हा सांगायची गरज नव्हती.

मग आम्ही उलटतपासणीची तालीम केली. प्रत्येक वाक्यावर मी तेच प्रश्न विचारले: कोणी मोजलं, किती दिवस मोजलं, यातलं तुझं किती, आणखी काय बदललं होतं? ज्या वाक्यावर यांतल्या एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल ते काढायचं, असं आधीच ठरलं होतं. तीनही वाक्यं टिकली. शेवटी मी एक प्रश्न टाकला, जो मी त्या कंपनीचा स्टोअर मॅनेजर असतो तर नक्की विचारला असता: “इतकं सगळं करूनही दहांत एक वस्तू अजून का चुकते?”

त्याने तेही पाहून ठेवलं होतं. उरलेल्या १८ पैकी ११ नोंदी नट, बोल्ट आणि वॉशरच्या होत्या. त्या वस्तू कोणी नगावर मोजत नाही. शंभर नगांचं वजन घेतात आणि पुढचं सगळं वजनावरून काढतात. वॉशर दोन पुरवठादारांकडून येतात, दोघांच्या जाडीत किंचित फरक असतो, आणि शंभर नगांचं वजन मात्र एकाच्याच मालाचं लिहून ठेवलेलं होतं. पुरवठादाराप्रमाणे दोन वेगळी वजनं भिंतीवर लावायची, असं त्याच्या मनात होतं. “पण ते अजून केलेलं नाही काका,” तो म्हणाला, “म्हणून लिहिलं नाही. विचारलं तर सांगेन.”